लागॉमसाठी एकच मराठी शब्द शोधू नका

> प्रश्न: 'जीवनशैलीच्या पुरवणीसाठी एका इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. स्वीडिश शब्द लागोम, म्हणजे ना जास्त ना कमी. मी "संतुलित जीवनाची स्वीडिश कला" लिहिलं होतं, संपादकांना ते कोरडं वाटलं. समाधान, सुवर्णमध्य, मितव्यय यांपैकी काय चालेल? की मूळ शब्दच ठेवू?'

मूळ शब्द ठेवा, पण फक्त शीर्षकात आणि पहिल्या ओळखीपुरता. पुढे मराठी शब्दच वापरा, आणि ते जागोजागी वेगळे असू द्या.

याचं कारण असं, की स्वीडिशमध्ये हा शब्द नाम म्हणून क्वचितच येतो. तो मुख्यतः विशेषण आणि क्रियाविशेषण आहे, लिंग-वचनाप्रमाणे न बदलणारा. सूप लागॉम खारट असतं, पिशवी लागॉम मोठी असते, आंघोळीचं पाणी लागॉम गरम असतं. कॉफी ओतताना यजमान थांबून विचारतो, 'एर दे लागॉम?', म्हणजे 'एवढी पुरे?' त्याची 'कला' इंग्रजी लेखांनी केली. डॅनिश 'ह्यूगे'ची, म्हणजे घरगुती, उबदार निवांतपणाची, लाट येऊन गेल्यावर २०१७च्या सुमारास लागॉमवर लेख आणि पुस्तकं येऊ लागली, आणि घर सजवण्यापासून नोकरी सांभाळण्यापर्यंत सगळं त्या एका नावाखाली गोळा झालं. तुमच्यासमोर इंग्रजी मजकूर आहे म्हणून तुम्हीही मराठी नाम शोधताय. तिथेच वाक्य कोरडं पडतं.

तुमचे पर्याय सुपाच्या वाक्यात घालून बघा. 'सूप समाधानी खारट आहे' म्हणता येत नाही, कारण समाधान माणसाला होतं आणि लागॉम हा वस्तूच्या मापाचा गुण आहे. 'संतुलित' म्हटलं की दोन पारडी डोळ्यांपुढे येतात, नोकरी आणि घर, काम आणि विश्रांती. लागॉमला दुसरं पारडं लागत नाही, मीठ एकटंच लागॉम असू शकतं. सुवर्णमध्य आपण वाटाघाटीत काढतो, दोन्ही बाजू थोड्या मागे सरकतात तेव्हा. मितव्यय तर पैशाशी बांधलेला आहे. आता म्हणून बघा, 'मीठ बेताचं पडलंय'. बसलं ना? मराठी घरात हे रोज बोललं जातं.

'बेताचा' हा लागॉमचा सगळ्यात जवळचा सोबती आहे. कापड मापानं कापणं म्हणजे बेतणं, त्याच कुळातला हा शब्द. पण तो जपून वापरा, कारण 'बेताची परिस्थिती' म्हटलं की वाचकाला ओढगस्त ऐकू येते आणि 'बेतास बात' म्हणजे सुमार. म्हणून माणूस, बुद्धी, पगार, शिक्षण यांच्याआधी तो नको. मीठ, साखर, ऊन, गर्दी, उकाडा यांच्याआधी खुशाल लावा. गंमत म्हणजे लागॉमलाही हीच खोच आहे. 'लागॉम कूल' शब्दशः 'बेताची मजा', पण अर्थ बहुतेकदा 'फारशी मजा नाही' असा असतो. स्वीडिश लोक आपल्या देशाला 'लान्देत लागॉम', लागॉमचा देश, म्हणतात तेव्हाही त्यात थोडी कुरकुर असते, की आमच्याकडे सगळं मध्यम, दूधसुद्धा. तिथं तीन टक्के आणि अर्धा टक्का स्निग्धांशाच्या दुधांच्या मधोमध दीड टक्क्याचं 'मेलानम्यॉल्क' मिळतं, नावाचा अर्थच मधलं दूध. तुमच्या लेखात लागॉमचं नुसतं गुणगान असेल तर ही बाजू दोन ओळींत तरी द्या.

वस्तूच्या आकाराबद्दल असेल तिथं 'बेताचा'ऐवजी 'आटोपशीर' किंवा 'मापाचा' बसतो: आटोपशीर घर, मापाचं जाकीट. वेळेबद्दल असेल तर तिसरंच. 'लागॉम तिल यूल' म्हणजे कोणी नाताळ बेताचा साजरा केला असं नव्हे, तर एखादी गोष्ट नाताळाला अगदी वेळेवर झाली. असं काही मजकुरात आलं तर 'वेळेवर' लिहा आणि पुढे जा.

सगळ्यात जास्त घसरण होते ती लागॉमला काटकसर किंवा साधी राहणी समजण्यात. 'अति तेथे माती' ही म्हणही म्हणूनच अपुरी पडते. ती फक्त जास्तीला अडवते. लागॉमला कमीही चालत नाही, आंघोळीचं पाणी कोमटाच्या खाली गेलं तर तेही लागॉम नाही. स्वीडनमध्ये पाहुण्यांना कॉफीबरोबर सात तऱ्हेची बिस्किटं मांडायची जुनी रीत आहे. सातांहून कमी तर घरधनीण चिक्कू, जास्त तर मिरवणारी. साधी राहणी म्हणून सात प्रकार कोणी भाजणार नाही, पण तिथं तेच बरोबर माप. माप किती ते रीत ठरवते, आणि शब्दाची व्युत्पत्तीही तिकडेच नेते: 'लाग' म्हणजे कायदा, रीत, त्याचं जुनं विभक्तिरूप लागॉम, म्हणजे रीतीप्रमाणे.

तुमच्या लेखात बहुधा दुसरी गोष्ट असेल. व्हायकिंग लोक मधाच्या दारूचं शिंग एकाकडून दुसऱ्याकडे देत आणि शेवटच्यालाही पुरेल एवढाच घोट घेत, त्यावरून 'लागेत ओम', सगळ्या टोळीभर, हा शब्द आला, अशी. ही लोकव्युत्पत्ती आहे. काढून टाका, किंवा 'अशी एक कथा सांगतात' म्हणून ठेवा. 'जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेत असा शब्द नाही' हे वाक्य असलं तर तेही गाळा. शेजारच्या नॉर्वेजियनमध्ये 'पास्से' बऱ्याच जागी हेच काम करतो.

आता प्रत्यक्ष. अशा लेखांतला नेहमीचा परिच्छेद सरळ उतरवला तर असा होतो:

'स्वीडिश लोक लागोमची कला जगतात. त्यांची घरं संतुलित असतात, ते संतुलित प्रमाणात काम करतात आणि खाण्यातही संतुलन राखतात.'

तीनदा संतुलन, आणि डोळ्यांपुढे काहीच नाही. मी असं करेन:

'कॉफी किती हवी, सूप किती खारट, कोट किती सैल, या सगळ्याला स्वीडिश माणसाकडे एकच उत्तर असतं: लागॉम. ना कमी, ना जास्त. घर आटोपशीर, त्यात सामान लागेल तेवढंच. काम वेळेत संपवून घरी जायचं. जेवताना पोटभर, पण तडस लागेपर्यंत नाही.'

'लागेल तेवढंच', 'वेळेत', 'पोटभर' यांत लागॉम आलाच आहे, नाव न घेता. 'लागॉम एर बेस्त' ही स्वीडिश म्हण लेखात असेल तर 'बेताचं तेच बरं' असं करता येईल. ते बोलण्यातलं वाटतं, आणि म्हण म्हणून तोंडातही बसतं.

लेखनाबद्दल: 'लॅगम' किंवा 'लगोम' नको. पहिला स्वर दीर्घ आ आहे आणि दुसरा ऑच्या जवळचा, म्हणून 'लागॉम'. 'लागोम'ही चालून जाईल, पण एका लेखात एकच रूप ठेवा. शीर्षकाखेरीज विभक्ती लावायची वेळ आली तर 'लागॉमचा', 'लागॉममध्ये' असं सरळ लावा. 'लागोमाचा' केलंत की तो एखाद्या माणसाचं नाव वाटायला लागतो. उपशीर्षकात संपादकांना मराठी शब्द हवाच असेल तर 'लागॉम: हवं तेवढंच' द्या. 'बेताचं' तिथे देऊ नका, एकट्या शीर्षकात त्याची गरिबीची छटाच आधी वाचली जाते.