‘वेळ लवचीक, पगार अनुभवानुसार’ : जाहिरातवाल्याला विचारायचं काय?

‘नऊ वर्षं नोकरी केली नाही. आता घराजवळच अर्धवेळ कामाची जाहिरात आलीय. पुन्हा सुरुवात करणाऱ्यांना प्राधान्य आहे म्हणे. पण तास किती, काम नेमकं कोणतं, पैसे किती, काहीच लिहिलेलं नाही. खोदून विचारलं तर ते दुसरीला घेतील. आधी काम तर मिळू दे, मग बघू, असं वाटतं. चुकतंय का माझं?’

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्याकडे येऊ लागतो. विचारणारी कधी शिक्षिका असते, कधी लॅब टेक्निशियन, कधी वडिलांच्या आजारपणात नोकरी सोडलेला एखादा मुलगाही असतो. पण सुजातामुळे (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) मला हा प्रश्न जितका स्वच्छ दिसला तितका आधी दिसला नव्हता, म्हणून तिचीच गोष्ट सांगते.

सुजाता नाशिकची. बी.कॉम., एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात वरिष्ठ पदापर्यंत पोचलेली. २०१६ मध्ये मुलाच्या वेळी नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, जीएसटी आला आणि आपलं सगळं ज्ञान व्हॅटबरोबर रद्दीत गेलं अशी तिची समजूत झाली. आता एका सीए फर्मची जाहिरात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली होती: ‘अकाउंटंट हवी. अर्धवेळ. वेळ लवचीक. ब्रेक घेतलेल्या महिलांना प्राधान्य. अकाउंट्सची सर्व कामे. पगार अनुभवानुसार.’

“यातलं तुम्हाला काय कळलं?” मी विचारलं.

“की ते मला घेऊ शकतात.”

“आणि काय कळलं नाही?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “मॅडम, आपली बाजू लंगडी असताना अटी घालायच्या नसतात.”

मी समुपदेशक आहे आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. त्यामुळे असं वाक्य कानावर आलं की मी तिथेच थांबते. तास विचारणं ही अट कशी झाली? ती माहिती आहे. पण सुजाताच्या मनात दोन्हींची गाठ बसली होती. ‘मला सवलत हवी आहे, म्हणून मी गप्प राहायलाच हवं’ हा तिचा स्वतःशी केलेला करार. समोरच्याने तो मागितलेलाही नव्हता.

“समजा विचारलं आणि त्यांनी दुसरीला घेतलं, तर?”

“तर काम गेलं.”

“कोणतं काम?”

ती हसली. किती तासांचं, कशाचं, किती पैशांचं हेच माहीत नसलेलं काम गेल्याची हळहळ आपण आधीच करत बसलोय, हे तिचं तिलाच जाणवलं. पण हसण्याने भीती जात नाही. पुढच्या भेटीलाही तिने फोन केलेला नव्हता.

मग मी तिला कागद दिला. “तुम्ही कारखान्यात असताना तुमच्या हाताखाली अर्धवेळ माणूस हवा असता, तर जाहिरात कशी लिहिली असती? ही जाहिरात विसरा. तुमची लिहा.”

इथून पुढे जे झालं ते मी अनेकदा आठवते. आतापर्यंत पदराशी चाळा करणारी ही बाई पेन घेऊन सरळ बसली. आधी काहीच लिहिलं नाही. मग मला विचारलं, “जीएसटीचं काम म्हटलं की महिना सारखा नसतोच ना?” घरी बसून तिने यूट्यूबवर काय काय पाहिलं होतं ते तेव्हा बाहेर आलं. मासिक विवरणपत्रं भरणाऱ्यांची विक्रीची जीएसटीआर-१ महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, कर भरण्याची ३बी २० तारखेपर्यंत. पुरवठादारांनी दाखवलेल्या खरेदीचा गोषवारा, २बी, पोर्टलवर १४ तारखेला येतो, आणि तो आपल्या खरेदीशी जुळवल्याशिवाय ३बीला हात लावता येत नाही. म्हणजे ८ ते ११ आणि १७ ते २० हे दिवस कुणाच्याही बापाचे लवचीक नसतात. महिनाअखेरीला मात्र बँक रिकन्सिलिएशनसारखं काम घरून, रात्री दहालासुद्धा करता येईल.

“मग ‘वेळ लवचीक’ याचा अर्थ?” मी विचारलं.

“कोणाच्या सोयीने लवचीक, ते लिहिलेलंच नाही.”

तिने जे लिहिलं ते असं होतं: ‘सोमवार ते शुक्रवार, १० ते १.३०. ८ ते ११ आणि १७ ते २० तारखांना रोज दोन तास जास्त, तेही आधी सांगून. काम: छोट्या व्यावसायिकांच्या खरेदी-विक्री नोंदी, २बी जुळवणी, बँक रिकन्सिलिएशन. क्लायंटचे फोन घेणं नाही. विवरणपत्रं तपासून दाखल करण्याची जबाबदारी सीएंची.’ ही शेवटची ओळ मला सुचली नसती. नंतर नोटीस आली तर कोण उत्तर देणार, हे अर्धवेळ माणसाला पहिल्या दिवशीच माहीत हवं, हे तिचं म्हणणं. आणि हे म्हणणारी बाई मला सांगत होती की तिला आता काही येत नाही!

मी फक्त एवढंच विचारलं, “हे प्रश्न तुमच्या कारखान्यासाठी विचारायला तुम्हाला लाज वाटली असती?”

“छे! तिथे न विचारणं हीच चूक झाली असती.” मग सावकाश म्हणाली, “म्हणजे मी स्वतःचा हिशेब सोडून सगळ्यांचे हिशेब करत आले.”

त्या वाक्यानंतर मला फार काही करावं लागलं नाही. मनातली गाठ सैल करण्यासाठी आम्ही कितीही बोलू शकतो, पण माणूस स्वतःच्या कसबाच्या भाषेत विचार करू लागला की ती आपोआप सुटते, असं माझं बऱ्याच वर्षांचं निरीक्षण आहे. शिक्षिकेला मी तासिकांचं वेळापत्रक आखायला लावते आणि लॅबवाल्याला नमुन्यांची संख्या मांडायला.

पैशांचं मात्र तिला मी मुद्दाम बसवून करायला लावलं, कारण तिथे बहुतेक जण महिन्याच्या आकड्याला भुलतात. तिच्या हिशेबाने रोजचे साडेतीन तास, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ७७ तास. तारखांच्या आठ दिवसांचे जादा १६. एकूण ९३. ग्रुपवरच्या एका बाईने ‘ते दहा हजार देतात’ असं सांगितलं होतं. दहा हजार भागिले ९३, म्हणजे तासाला १०७ रुपये. “माझ्या घरी संगणक शिकवायला येणारा मुलगा याहून जास्त घेतो,” ती म्हणाली. तिने स्वतःसाठी तासाला १५० रुपये ठरवले, आणि १३० च्या खाली जायचं नाही हेही.

दुसरा प्रश्न पैसे कोणत्या नावाने येणार, हा. पगार म्हणून आले तर आपण कर्मचारी. पीएफ आणि रजेचे नियम त्या फर्मला लागू असतील तर अर्धवेळ आहे म्हणून आपोआप बाद होत नाहीत, ते विचारता येतं. व्यावसायिक फी म्हणून आले तर फर्म साधारण दहा टक्के टीडीएस कापते. म्हणजे १३,००० ठरले तरी खात्यात ११,७०० येतील. एवढ्याच उत्पन्नावर कर लागत नसल्याने ते पैसे परत मिळतात, पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं आणि वाट पाहावी लागते. यातलं काही वाईट नाही, फक्त आधी माहीत असावं. ‘हातात किती’ एवढं विचारून ही गोष्ट कळत नाही.

फोन करताना घसा कोरडा पडेल म्हणून तिने आधी संदेश पाठवायचं ठरवलं. तो आम्ही मिळून लिहिला:

‘नमस्कार. मी तुमची जाहिरात पाहिली. कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काम केलं आहे, जीएसटीची जुळवणी शिकून घेतली आहे. मला या कामात रस आहे. भेटण्याआधी तीन गोष्टी कळल्या तर दोघांचाही वेळ वाचेल: आठवड्याचे अंदाजे तास व ठरावीक तारखांना लागणारे जादा तास, रोजच्या कामाचं स्वरूप, आणि मानधनाचा पल्ला व ते पगार की फी. मी रोज १० ते १.३० येऊ शकते.’

आधी रस, मग प्रश्न, शेवटी आपली वेळ. क्रम महत्त्वाचा आहे. पैशांचा प्रश्न एकटा पाठवला की तो भाव विचारल्यासारखा दिसतो. तासांच्या शेजारी ठेवला की तो कामाचा भाग होतो.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि मला ज्याची सवय आहे तसंच आलं. त्या सीएंनी लिहिलं होतं की तासांचा त्यांनी विचारच केला नव्हता. डझनभर छोटे क्लायंट आहेत, आधीची मुलगी लग्न होऊन गेली, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. जाहिरातीतला धूसरपणा दरवेळी लबाडी नसते. बऱ्याचदा देणाऱ्यालाच काम मोजता आलेलं नसतं. सुजाताने त्यांना तिचा कागदच दाखवला. महिना १३,००० वर ठरलं, म्हणजे तासाला १४० च्या आसपास. क्लायंटचे फोन तिला नाहीत. जुलैअखेर आणि सप्टेंबरअखेर, विवरणपत्रं आणि टॅक्स ऑडिटच्या घाईत, तास वाढतील हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि जादा तासांना तोच दर द्यायचं कबूल केलं.

पण सगळ्यांचं असं होत नाही. त्याच महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्या एका बाईंना ‘एवढे प्रश्न असतील तर राहू द्या’ असं उत्तर आलं. त्यांना वाईट वाटलं, वाटणारच. पण जिथे तास विचारलेलं चालत नाही तिथे सहाच्या पुढे थांबायला नकार दिलेलाही चालणार नाही, एवढं त्यातून कळतं. आणि तिसरा प्रकार ओळखायला सगळ्यात सोपा: घरबसल्या डेटा एंट्री, तास दोन, पैसे भरपूर, आणि आधी ‘नोंदणी’ किंवा ‘किट’चे पैसे भरा. काम देणारा काम देण्यासाठी पैसे मागत नाही. तिथे प्रश्नांची यादी काढू नका, संवाद बंद करा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा.

‘आधी काम मिळू दे, मग बघू’ यात एक अर्थ मात्र खरा आहे. काही गोष्टी काम सुरू झाल्यावरच कळतात. म्हणून मी सगळ्यांना पहिल्या महिन्यात तासांची वही ठेवायला सांगते: आले कधी, गेले कधी, घरी किती केलं, कोणतं काम. चाचणीचे दिवस असतील तर त्यांचे पैसे मिळणार का हेही आधीच विचारायला सांगते. सप्टेंबरात सुजाताच्या वहीत १२१ तास भरले, म्हणजे ठरल्यापेक्षा २८ जास्त. दर १४०, रक्कम ३,९२०. महिना संपला त्याच आठवड्यात तिने वहीचा फोटो आणि ही बेरीज सीएंना पाठवली. वर्षअखेरीला एकदम काढली असती, तर ती तक्रार वाटली असती.