मॅग्नेशियमची पोती घेण्याआधी रिपोर्ट नीट वाच

भाऊ, पऱ्हाटी लाल झाली म्हणून तू मॅग्नेशियमची पोती घ्यायला निघालास, पण तुझ्या माती तपासणीच्या रिपोर्टात कॅल्शियम ६००० पीपीएम, मॅग्नेशियम ६०० पीपीएम आहे. १०:१ पाहून मॅग्नेशियम कमी पडतंय म्हणून घाबरू नको. हे गुणोत्तर वजनाचं झालं. कॅल्शियमला २०० नं, मॅग्नेशियमला १२१.५ नं भाग, म्हणजे १०० ग्रॅम मातीमागे मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे वजनाऐवजी विद्युतभाराच्या हिशोबानं माप, मिळतील: ३० आणि जवळपास ५. गुणोत्तर ६:१. त्यातही आपल्या काळ्या, चुनखडीच्या वावरात तपासणीचं द्रावण थोडा चुनाही विरघळवतं, म्हणून कॅल्शियम फुगलेलं दिसतं. मी गुणोत्तराआधी मॅग्नेशियमचा आकडाच पाहतो. साधारण १ मिलीइक्विव्हॅलंटच्या खाली गेला तर काळजी. तुझ्याकडे पाचपट आहे.

मग पऱ्हाटी लाल का? मॅग्नेशियम कमी असेल तर आधी खालची जुनी पानं शिरांमधून लाल होतात, शिरा हिरव्या राहतात. नत्राची ओढ, तुडतुडे, रात्रीची थंडी यांनीही लाली येते. पानं उलटून तुडतुडे बघ.

तरी शंका असेल तर १५ लिटरच्या पंपात १५० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून चारच ओळी फवार, शेजारच्या चार तशाच सोड. लाल झालेलं पान परत हिरवं होत नाही, त्यामुळे लाली वर सरकते का, तेवढंच पाह्य. दहा-बारा दिवसांत फरक नसेल तर पोती घेऊ नको. डोलोमाइट तर नाहीच; आपल्या ८ सामूच्या जमिनीत ते विरघळतच नाही म्हण.