हैतीचं स्वातंत्र्य नेमकं कोणी मिळवलं?

प्रश्न: हैतीतल्या गुलामांनी नेपोलियनच्या सैन्याला हरवून स्वतःचा देश कसा उभारला? हे सगळं तूसाँ लुव्हर्त्यूरच्या नेतृत्वामुळेच झालं ना?

उत्तर: तूसाँ फार मोठा सेनानी होता, पण ‘मुळेच’ म्हणणं मला पटत नाही. लढ्याचा सगळ्यात कठीण काळ म्हणजे १८०२चे मधले काही महिने, आणि तेव्हा तूसाँ अटकेत होता. त्याचे सरदार तर फ्रेंचांच्या बाजूने लढत होते.

सँ दोमँग, म्हणजे आजचं हैती, ही फ्रेंचांची सर्वात श्रीमंत वसाहत. १७८९च्या सुमारास तिथे जवळपास ५ लाख गुलाम होते आणि गोरे जेमतेम ३०-४० हजार. तोडलेला ऊस थांबत नाही हे आपल्याकडे सांगायला नको. हंगामात घाणे रात्रंदिवस चालत आणि झोपेने पेंगणाऱ्याचा हात चरकात जाई. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते, म्हणून मळेवाले आफ्रिकेतून सतत नवी माणसं विकत आणत. त्यामुळे निम्म्याहून अधिक गुलाम आफ्रिकेत जन्मलेले होते, आणि त्यातल्या कित्येकांनी काँगोतल्या युद्धांत बंदूक चालवलेली होती.

ऑगस्ट १७९१च्या उठावाचा कट मळ्यांवरच्या मुकादमांनी रचला. तेही गुलामच, पण त्यांना एका मळ्यावरून दुसऱ्यावर जाता येई. २२ ऑगस्टच्या रात्री उत्तरेकडच्या मैदानात उठाव सुरू झाला आणि काही आठवड्यांत शेकडो मळे जळाले. पुढारी बुकमान नोव्हेंबरमध्ये मारला गेला. त्याच्यानंतरचे पुढारी, जाँ-फ्रान्स्वा आणि बियासू, तडजोडीला तयार झाले होते: काही शे माणसांना मुक्त करा, बाकीच्यांना आम्ही कामावर परत पाठवतो. गोऱ्यांच्या सभेने हेही धुडकावलं, म्हणून लढा चालू राहिला.

१७९३मध्ये फ्रान्सचं ब्रिटन आणि स्पेनशी युद्ध पेटलं. वसाहत हातची जाऊ नये तर गुलामांच्या हातात शस्त्रं देण्याशिवाय मार्ग नव्हता, म्हणून फ्रेंच आयुक्त सोंतोनाक्सने २९ ऑगस्टला उत्तर प्रांतात गुलामी रद्द केली. ४ फेब्रुवारी १७९४ला पॅरिसने हा निर्णय सगळ्या वसाहतींना लागू केला. तोवर स्पेनकडून लढणारा तूसाँ त्याच वर्षी फ्रेंचांकडे आला, आणि १७९८मध्ये ब्रिटिशांनाही बेट सोडावं लागलं.

१८०१मध्ये तूसाँने राज्यघटना करून स्वतःला तहहयात गव्हर्नर नेमलं. बंदुका घ्यायला पैसा हवा आणि पैसा साखरेतून येतो, म्हणून त्याने मुक्त झालेल्यांना लष्कराच्या धाकाने मळ्यांवरच ठेवलं. लोकांना हवा होता स्वतःचा जमिनीचा तुकडा. यावरून उत्तरेत बंड झालं, तेव्हा त्याने आपलाच पुतण्या मानलेल्या मोईझला गोळ्या घालायला लावल्या.

१८०२च्या सुरुवातीला नेपोलियनचा मेहुणा लक्लेर्क मोठं सैन्य घेऊन उतरला. तीन महिने घनघोर लढाई झाली; मग तूसाँचा सरदार क्रिस्तोफ, खुद्द तूसाँ आणि दुसरा सरदार देसालीन एकामागून एक शरण गेले. जूनमध्ये तूसाँला भेटीला बोलावून दग्याने पकडलं आणि फ्रान्सला पाठवलं. तिथल्या थंडगार किल्ल्यात एप्रिल १८०३मध्ये तो वारला.

लक्लेर्कने लोकांच्या बंदुका गोळा करायचं काम देसालीन आणि क्रिस्तोफकडेच सोपवलं. डोंगरातल्या टोळ्यांनी मात्र बंदुका दिल्या नाहीत. त्यांचे म्होरके बहुतेक आफ्रिकेत जन्मलेले, साधे लोक. त्यातला काँगोचा साँ-सूसी क्रिस्तोफला महिनोन्‌महिने पुरून उरला. पिवळ्या तापाने फ्रेंच फौज सडत होती. तेवढ्यात ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत गुलामी परत आणल्याची बातमी आली आणि फ्रेंचांचा खरा हेतू उघडा पडला. ऑक्टोबरमध्ये फ्रेंच फौजेतला मिश्रवंशीय अधिकारी पेत्याँ, क्रिस्तोफ आणि देसालीन फ्रेंचांवर उलटले. नोव्हेंबरमध्ये लक्लेर्क तापाने मेला.

इथला एक प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो. कालपर्यंत आपल्याला हुसकावणाऱ्या क्रिस्तोफच्या हाताखाली जायला साँ-सूसीने नकार दिला. क्रिस्तोफने त्याला बोलणीसाठी बोलावलं आणि ठार केलं. पुढे सगळ्या फौजा देसालीनच्या एका हुकमाखाली आल्या, पण त्या एकीखाली हे रक्तही आहे.

मे १८०३मध्ये ब्रिटनशी पुन्हा युद्ध जुंपल्यावर ब्रिटिश आरमाराने बंदरं रोखली आणि फ्रेंचांची कुमक तुटली. १८ नोव्हेंबरला व्हेर्तिएरची लढाई जिंकली आणि १ जानेवारी १८०४ला गोनाईव्हमध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं. त्यानंतरच्या काही महिन्यांत देसालीनच्या हुकमाने उरलेल्या बहुतेक फ्रेंच रहिवाशांची कत्तल झाली. १८२५मध्ये फ्रान्सने युद्धनौका आणून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली. ती पुढे ९ कोटींवर आली, पण देश पिढ्यान्‌पिढ्या त्या कर्जात पिचला.

मळ्यांचा वाद मात्र लोकांनीच निकाली काढला. देसालीनपासून बोयेपर्यंतच्या राज्यकर्त्यांनी त्यांना मळ्यांना जुंपून ठेवायचा प्रयत्न केला. १८२६मध्ये तर त्यासाठी सबंध कायदा केला. लोक डोंगरात छोटे तुकडे करून कंद, केळी आणि थोडी कॉफी पिकवत राहिले, आणि साखरेची निर्यात जवळपास संपली.