थंड होणाऱ्या पाण्याचा k, म्हणजे ते किती वेगाने थंड होतं हे सांगणारा स्थिरांक, काढताना

आधी खोलीचं तापमान नीट मोज, कारण सगळं गणित पाणी आणि खोली यांच्यातल्या फरकावर चालतं. त्या फरकाचा ln काढ आणि वेळेसमोर मांड. सरळ रेष आली तर तिचा उतार म्हणजे −k.

समज, खोली 25 अंशांवर आहे. पाणी 85 वरून 10 मिनिटांत 65 वर आलं, म्हणजे फरक 60 चा 40 झाला. ln(60/40) = 0.405, म्हणून k साधारण 0.04 प्रतिमिनिट. या हिशेबाने 20 व्या मिनिटाला 51.7 अंश दिसायला हवेत. उघड्या पेल्यात मात्र बहुतेकदा त्याहून जास्तच दिसतील. गरम पाण्याची वाफ सुरुवातीला भरपूर उष्णता नेते, पुढे ती कमी होते आणि रेष हळूहळू वाकते. झाकण ठेवून पुन्हा मोज, वाक बराच सरळ होईल.

वाऱ्याची खूण वेगळी: मध्येच पंखा लागला की रेषेला कोपरा पडतो आणि तिथून उतार वाढतो. तो भाग वेगळाच फिट कर.

जाड पेला पहिली एक-दोन मिनिटं स्वतःच तापत असतो, ती मोजमापं सरळ वगळ. आणि k सोबत पेला व पाणी किती भरलं होतं हेही लिही. अर्ध्या पेल्याचा k जास्त येतो.