हॉलची एकच भिंत गडद

प्रश्न: ठाण्यात फ्लॅट आहे, हॉल १० बाय १६. सोफ्यामागची लांब भिंत गडद हिरवी केली तर खोली एकीकडे कललेली वाटेल का?

उत्तर: समोर काहीच केलं नाहीत तर वाटेल. आमच्या घोडबंदरच्या घरी तेच झालं. सोफा तिकडे, गडद रंगही तिकडे, आणि समोर पांढऱ्या भिंतीवर एकटा टीव्ही. शेवटी टीव्हीखालच्या कपाटाची दोन दारं त्याच हिरव्या रंगात रंगवली, तेव्हा कुठे तोल आला.

खरं तर दारातून शिरताना समोर दिसणारी १० फुटी भिंत रंगवा. दोन्ही लांब बाजू सारख्याच राहतात. रंग आतल्या कोपऱ्यातच थांबवा. वॉलपेपर मात्र बाहेरच्या भिंतीला नकोच, पावसाळ्यात ओल आली की जोड सुटतात.