संमतीपत्रातील ‘दृष्टीची हमी नाही’ या ओळीचा अर्थ

प्रश्न: माझ्या वडिलांचे वय ७१ आहे आणि उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकला आहे. परवा ऑपरेशन आहे. दवाखान्यातून आणलेल्या कागदावर ‘दृष्टी परत येण्याची हमी देता येत नाही’ असे छापले आहे. ते वाचून बाबा घाबरले. मग ऑपरेशन कशाला, आणि मीच सही करून टाकू का?

मी यवतमाळ जिल्ह्यात नेत्र विभागात परिचारिका आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाजवळ बसून हाच कागद समजावून सांगणे हे माझे रोजचे काम आहे. आधी सहीचे सांगते. तुमचे वडील शुद्धीत आहेत आणि त्यांना बोललेले समजते, म्हणून संमती त्यांचीच हवी. लिहिता येत नसेल तर अंगठा आणि शेजारी साक्षीदाराची सही. २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे की सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती पुरेशी नसते, आणि उपचार कोणता, त्याला पर्याय काय व धोके कोणते हे रुग्णाला आधी कळले पाहिजे. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा.

आता ती ओळ. आपल्याकडे बहुतेकांना वाटते की मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा, आणि तो खरवडला की दिसू लागते. प्रत्यक्षात बाहुलीच्या मागे असलेले आपले स्वतःचे भिंग गढूळ झालेले असते. हे भिंग एका पारदर्शक पिशवीत असते. शस्त्रक्रियेत त्या पिशवीला पुढून गोल छिद्र पाडून गढूळ भिंग बाहेर काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. प्रकाश मात्र त्याच्याही मागे, डोळ्याच्या तळाशी असलेल्या पडद्यावर पडतो आणि तिथून नसेवाटे मेंदूकडे जातो. भिंग बदलल्याने खिडकीची काच स्वच्छ होते; मागचा पडदा किंवा नस आधीच खराब असेल तर ती या शस्त्रक्रियेने सुधारत नाही.

मोतीबिंदू पूर्ण पिकला की डॉक्टरांना तो मागचा पडदा बाहेरून पाहता येत नाही. म्हणून बॅटरीचा उजेड वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून दाखवून ‘उजेड कुठून येतो’ असे विचारतात आणि डोळ्याची सोनोग्राफी करतात. वडिलांनी चारही दिशा बरोबर सांगितल्या असतील आणि सोनोग्राफीत पडदा जागेवर असेल तर आशा चांगली असते, तरी मधुमेहाने किंवा वयाने पडद्याच्या मध्यभागी झालेले बारीक नुकसान या तपासण्यांत सुटू शकते. हमी न देण्याचे पहिले आणि खरे कारण हे आहे. त्यामुळे डॉक्टरांना नेमके विचारा: ‘पडदा आणि नस यांच्याबद्दल तुम्हाला काय दिसले, आणि काय दिसू शकले नाही?’

दुसरे कारण ती पिशवी. तिची मागची भिंत कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहूनही पातळ असते आणि अनुभवी हातांतही शंभरात एक-दोन वेळा फाटू शकते. पिकलेल्या, कडक बिंदूत त्याहून जास्त वेळा. गेल्या वर्षीची एक आजी सांगते. वय ६८, मधुमेह, बिंदू तपकिरी झालेला, डोळ्यासमोर हलवलेला हात तेवढा दिसायचा. आदल्या रात्री तिने माझा हात धरून विचारले, ‘डोया तर जाणार नाही ना वो बाई?’ मी तिला पिशवीचे समजावले. फाटली तर मागचा जेलीसारखा द्रव पुढे येतो, तो साफ करावा लागतो, वेळ जास्त लागतो, आणि भिंग पिशवीत न बसता तिच्या पुढच्या उरलेल्या कडेवर बसवावे लागते किंवा काही दिवसांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत बसवावे लागते. दुसऱ्या दिवशी पिशवी खरोखरच फाटली. वीस मिनिटांचे काम पाऊण तास चालले, भिंग कडेवर बसले, आणि सूज उतरायला महिना गेला. सहाव्या आठवड्यात चष्म्याने तिला तक्त्यावर मधल्या ओळीपर्यंत, म्हणजे ६/१८ पर्यंत वाचता आले. पोतीतले मणी ती स्वतः ओवू लागली. त्या महिन्यात ती रागावली नाही की दुसऱ्या दवाखान्यात पळाली नाही, कारण तिला हे आधीच ठाऊक होते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका म्हाताऱ्या बाबांचा अंगठा घाईत, न समजावता घेतला होता. त्यांचीही पिशवी फाटली आणि ‘माझा डोया बिघडवला’ असे समजून त्यांनी औषधाचे थेंबच बंद केले. ते मी अजून विसरलेली नाही.

तिसरे कारण डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग. तो हजार शस्त्रक्रियांमागे सुमारे एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो, पण झाला तर नजर कायमची जाऊ शकते. तो बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो: आदल्या दिवशी बरे दिसत होते ते आज अंधुक होते, दुखणे कमी होण्याऐवजी वाढते, लाली चढते. थोडी खुपखुप आणि पाणी येणे साधे असते. दुखणे वाढणे आणि नजर घटणे ही जोडी साधी नसते. तेव्हा सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, मिळेल त्या वाहनाने त्याच रात्री दवाखान्यात या, कारण काही तासांचा फरकही महत्त्वाचा ठरतो.

मग शस्त्रक्रिया करायचीच कशाला, या तुमच्या प्रश्नाला पर्याय पाहूनच उत्तर देता येते. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब नाहीत. बिंदू कोवळा असेल तर थांबता येते, पण पार पिकलेला बिंदू फुगू किंवा झिरपू शकतो; तसे झाले तर डोळ्यातला दाब वाढतो, असह्य ठणका लागतो आणि नस मरू शकते. नस मेल्यावर बिंदू काढूनही गेलेली नजर येत नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत थांबण्याचा धोका करण्याच्या धोक्याहून मोठा वाटतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

अंगठा देण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट स्वतःहून सांगावी. लघवी अडते म्हणून टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल, किंवा पूर्वी कधी घेतली असेल, तर बाहुलीभोवतीचे रंगीत वलय शस्त्रक्रियेत सैल पडून मध्ये येते आणि पिशवी फाटण्याची शक्यता वाढते. गोळी बंद करून हा परिणाम जात नाही, पण आधी माहीत असल्यास डॉक्टर तयारी ठेवतात. ‘डोळ्याच्या दवाखान्यात लघवीचे काय सांगायचे’ म्हणून आपले म्हातारे हे लपवतात. रक्त पातळ करणारी गोळीही दाखवा. ती मनाने बंद करू नका.

भूल बहुधा डोळ्याशेजारी सुई देऊन असते. तोंडावर कापड असते, आवाज ऐकू येतात, उजेड दिसतो, दुखत नाही; खोकला आला तर मान न हलवता आधी बोलून सांगावे. साधे भिंग बसवले तर जवळचे वाचायला चष्मा लागेलच, आणि तो नंबर साधारण सहा आठवड्यांनी काढतात.

आज रात्री हे सगळे बाबांना सांगा आणि मग त्यांनाच विचारा, ‘बाबा, परवा काय करणार आहेत ते मला सांगा बरं.’ ते आपल्या शब्दांत भिंग, पिशवी आणि मागचा पडदा एवढे सांगू शकले तर अंगठा द्यायला हरकत नाही. जिथे अडतील, तो प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहून सकाळी डॉक्टरांपुढे ठेवा.