मॉर्निंग स्टार दिसला, पण चौथी कँडल अजून बाकी आहे

प्रश्न : पाच आठवडे पडत असलेल्या एका शेअरच्या दैनिक चार्टवर काल मॉर्निंग स्टार, म्हणजे घसरण थांबून भाव वर वळण्याची खूण मानली जाणारी तीन कँडलची आकृती, पूर्ण झाला; चार्ट सोबत पाठवला आहे. माझी बचत १,२०,००० आहे. त्यातील एक-तृतीयांश रक्कम उद्या बाजार उघडताच या शेअरमध्ये घालावी असे वाटते, कारण थांबलो तर स्वस्तातला भाव हातचा जाईल. आपले मत काय?

उत्तर : नमस्कार. आपण चार्ट अचूक वाचला आहे, हे प्रथम नमूद करतो. पहिली लाल कँडल १०८ ला उघडून १०२ ला बंद झाली. दुसरीची बॉडी, म्हणजे उघडता भाव आणि बंद भाव यांमधला भाग, अगदी लहान, १००.५ ते १०० एवढीच, आणि पहिल्या बॉडीच्या पूर्णपणे खाली आहे. तिचा नीचांक ९८. तिसरी हिरवी कँडल १०१ ला उघडली, १०६.५ पर्यंत गेली आणि १०६ ला बंद झाली. पहिल्या बॉडीचा मध्य १०५ येतो आणि तिसरीचा बंद भाव त्याच्या वर आहे. आधीची घसरणही स्पष्ट आहे, आणि ती नसती तर या आकृतीला काही अर्थच उरला नसता. तेव्हा पॅटर्न खरा आहे. तरीही उद्या उघडताच खरेदी करू नये, असे माझे मत आहे.

त्याचे कारण तिसऱ्या कँडलच्या पोटात आहे. काल भाव पाच अंकांनी चढला, म्हणजे कोणीतरी जोर लावून खरेदी केली. परंतु ती कोणी केली, हे कँडल सांगत नाही. पाच आठवडे पडणाऱ्या शेअरमध्ये मंदीवाल्यांचे बरेच शॉर्ट सौदे, म्हणजे आधी विकून नंतर स्वस्तात परत घेण्याचे सौदे, साचलेले असतात. दुसऱ्या दिवशी घसरण थबकली की त्यांतील काही जण नफा पदरात पाडून घेण्यासाठी शेअर परत विकत घेतात. ही खरेदीही चार्टवर हिरवीच दिसते, पण सौदे मिटले की ती संपते आणि तिच्या मागे कोणी उभे नसते. याउलट नवे खरेदीदार खरोखर आले असतील, तर ते एका दिवसात आपली सगळी खरेदी उरकत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी चढ्या भावालाही घेत राहतात. पहिल्या तीन कँडलमध्ये या दोन्ही शक्यता सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या होतात त्या चौथ्या कँडलमध्ये. तिसऱ्या दिवशी व्हॉल्यूम वाढलेला असेल तर बरेच, पण शॉर्ट सौदे मिटतानाही व्हॉल्यूम वाढतोच, म्हणून मी एकट्या त्याच्यावर विसंबत नाही.

सर्वच तीन-कँडल पॅटर्नना हा आक्षेप सारखा लागू होत नाही. थ्री इनसाइड अप किंवा थ्री आउटसाइड अप यांत उलटण्याची खूण पहिल्या दोन कँडलमध्येच पूर्ण होते आणि तिसरी ही त्या खुणेची पुष्टी असते. मॉर्निंग स्टारमध्ये तिसरी कँडल हीच खूण आहे, त्यामुळे पुष्टीची जागा तिच्यानंतर येते. कँडलची संख्या तीनच असल्याने हा फरक सहज नजरेतून सुटतो.

आता उद्याच्या कँडलमध्ये काय पाहावे ते सांगतो. ती १०६.५ च्या वर, म्हणजे तिसरीच्या उच्चांकाच्या वर बंद झाली, तर पुष्टी मिळाली असे मी धरतो. येथे ‘बंद’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा शेअर सकाळी १०७.५ ला उघडला, १०८ ला शिवून आला आणि संध्याकाळी १०३ ला बंद झाला. दिवसा पातळी ओलांडली गेली होती खरी, पण वरच्या भावात विक्रेते वाट पाहत बसले होते, हे त्या लांब वरच्या शेपटीने उघड केले. उघडताच घेणारा अशा दिवशी १०७.५ ला अडकतो. तिसरा प्रकार म्हणजे कँडल कालच्याच पट्ट्यात राहून १०५ च्या आसपास बंद होणे. तेव्हा पुष्टी नाही आणि पॅटर्न मोडलेलाही नाही, म्हणून आणखी एक दिवस थांबावे. मी दोन कँडलपलीकडे थांबत नाही, कारण त्यानंतर जी तेजी येते तिचा या पॅटर्नशी संबंध जोडणे मला ओढूनताणून वाटते. आणि ९८ च्या खाली बंद झाला, तर विषय संपला.

थांबण्याची किंमत द्यावी लागते, ही आपली शंका रास्त आहे आणि ती किंमत मोजता येते. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा मान्य करून बाहेर पडण्याचा भाव, ९८ च्या किंचित खाली, ९७.५ ला ठेवला, तर १०६ ला घेतल्यास शेअरमागे ८.५ ची जोखीम आहे. पुष्टीनंतर १०८ ला घेतल्यास ती १०.५ होते. शेअरमागे जास्तीचे हे दोन अंक म्हणजे पुष्टीची फी. ती भरण्याचा योग्य मार्ग शेअरची संख्या कमी करणे हा आहे; स्टॉपलॉस वर ओढून जोखीम कमी दाखवण्यात काही हशील नाही, कारण ९८ च्या वर असताना पॅटर्न अजून जिवंत असतो आणि आपण मात्र बाहेर फेकले जाता.

एका सौद्यात बचतीच्या एक टक्क्याहून अधिक गमावू नये, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो. आपल्या बाबतीत ती मर्यादा १,२०० होते. तिला १०.५ ने भागले तर ११४ शेअर येतात आणि १०८ च्या भावाने त्यांना सुमारे १२,३०० लागतात, म्हणजे बचतीचा साधारण दहावा भाग. आपण योजलेले ४०,००० उद्या १०६ ला घातले तर ३७७ शेअर होतात आणि स्टॉपलॉस लागल्यास ३,२०० च्या वर नुकसान होते. भाव गॅप देऊन ९७.५ च्या खालीच उघडला, तर ते आणखी वाढते. एक-तृतीयांश हा आकडा चार्टवरून आलेला नाही, हे मला सर्वांत जास्त खटकले. पॅटर्न चुकला तर कुठे बाहेर पडायचे ते चार्ट सांगतो, आणि त्या अंतरावरूनच रक्कम ठरते.

तेजीनंतर दिसणाऱ्या उलट आकृतीत, म्हणजे इव्हिनिंग स्टारमध्ये, मात्र मी थोडा वेगळा वागतो. तेथे पुष्टी म्हणजे तिसऱ्या कँडलच्या नीचांकाखालचा बंद भाव. पण हातात शेअर असताना वाट पाहणाऱ्याचे नुकसान खरे असते, केवळ हुकलेली संधी नसते. म्हणून पुष्टी येण्याआधीच काही शेअर विकून उरलेल्यांचा स्टॉपलॉस त्या नीचांकाखाली आणावा, असे मी सुचवतो.

उद्या बाजार बंद होण्याच्या सुमारास चार्ट पाहा. भाव १०६.५ च्या वर टिकून असेल तर घ्या. १०८ हून वेगळा असेल तर त्या भावातून ९७.५ वजा करून संख्या नव्याने काढा. भाव ११२ वर गेला असेल तर जोखीम १४.५ होईल आणि ८२ शेअरच बसतील.